ग्रुप फोटोत एकाचे डोळे मिटले: त्याच बर्स्टमधून उघडे डोळे कसे बसवायचे, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात लग्नसराई लागली की साक्षगंध, लग्न, रिसेप्शन सगळीकडे तोच किस्सा, पूर्ण खानदान एका फ्रेममध्ये मस्त आलं अन् नेमके एका माणसाचे डोळे मिटलेले. त्यावर येणारे प्रश्न अन् त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवलीत.

नेमकं करायचं काय असतं?

बर्स्ट म्हणजे बटण दाबून धरलं की पटापट निघणारे सलग फोटो, अन् त्यातला एक फोटो म्हणजे एक फ्रेम. बर्स्टमधली सगळ्यात चांगली फ्रेम बेस म्हणून घ्यायची. ज्याचे डोळे मिटले त्याच माणसाचे उघडे डोळे त्याच बर्स्टमधल्या दुसऱ्या फ्रेमवरून उचलायचे अन् बेसवर नीट बसवायचे, बस. ती दुसरी फ्रेम म्हणजे आपली डोनर फ्रेम. डोळे त्याच माणसाचे, त्याच सेकंदाचे, त्याच उजेडातले, म्हणून हे काम इतकं बेमालूम होऊ शकतं. दुसऱ्या कोणाचे डोळे लावणं किंवा ब्रशने डोळे काढणं हा प्रकार करूच नका, घरची माणसं पहिल्या नजरेत ओळखतात की हा आपला माणूस नाही.

पण बर्स्टमध्ये उघडे डोळे सापडतीलच कशावरून?

पापणी मिटून परत उघडायला साधारण 0.1 ते 0.4 सेकंद लागतात, अन् माणूस मिनिटाला ढोबळमानाने 15-20 वेळा डोळे मिचकावतो. कॅमेरा सेकंदाला 8 फ्रेम घेत असेल तर एक मिचकावणं एक ते तीन फ्रेम खराब करतं, त्याच्या आधीच्या नंतरच्या फ्रेममध्ये डोळे उघडेच असतात. म्हणून दीड-दोन सेकंदाचा बर्स्ट असला तर जवळपास प्रत्येक माणूस कुठे ना कुठे उघड्या डोळ्यांनी सापडतोच.

यावर ऑस्ट्रेलियात हिशोबही झालाय. निक स्वेन्सन अन् पीअर्स बार्न्स यांना 2006 चं इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या अन् मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, त्यासाठीच मिळालं. त्यांचा नियम असा की माणसं 20 पेक्षा कमी असतील तर चांगल्या उजेडात माणसांच्या संख्येला 3 ने भागा अन् कमी उजेडात 2 ने, तेवढे फोटो काढले की एक तरी फोटो असा निघतो ज्यात कोणाचेच डोळे मिटलेले नाहीत. म्हणजे 18 जणांना दुपारी 6 फोटो, रात्री 9. आपलं काम तर त्याहून सोपं आहे, कारण आपल्याला सगळे एकाच फ्रेममध्ये चांगले नको आहेत, प्रत्येक जण कुठल्या तरी एका फ्रेममध्ये चांगला असला तरी पुरे.

बेस फ्रेम कोणती घ्यायची?

ज्यात दुरुस्ती कमीत कमी लागेल ती. पण फक्त मिटलेले डोळे मोजू नका. नवरा-नवरी अन् पहिल्या रांगेतली म्हातारी माणसं ज्यात सगळ्यात छान आलीत ती फ्रेम घ्या, मागच्या रांगेतल्या दोघांचे डोळे मिटले असतील तर ते बदलता येतात. हात हलल्याने आलेला ब्लर किंवा कोणाचा चेहरा दुसऱ्याच्या मागे गेलेला, हे मात्र डोळे बदलून सुधरत नाही.

डोनर फ्रेम कशी ओळखायची? ज्यात डोळे सगळ्यात मोठे दिसतात ती ना?

नाही, अन् बहुतेकांचं काम इथेच बिघडतं. डोळा एकटा येत नाही हो, त्याच्यासोबत गाल येतो. माणूस मनापासून हसला की डोळ्याभोवतीचा गोल स्नायू आवळतो, गाल वर चढतात, खालची पापणी थोडी फुगते, बाहेरच्या कोपऱ्याला सुरकुत्या पडतात. आता तोंड हसरं अन् वरचे डोळे न हसणाऱ्या फ्रेममधले, असं झालं की चेहरा घाबरल्यासारखा दिसतो. पाहणाऱ्याला काय चुकलं ते सांगता येत नाही पण काहीतरी चुकलंय हे कळतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी डोक्याचा कोन पहा, मग गाल अन् हसू, मग नजर कुठे आहे ते, अन् डोळे किती उघडे आहेत हे सगळ्यात शेवटी. थोडे बारीक पण हसरे डोळे हे टकटक उघड्या डोळ्यांपेक्षा कधीही चांगले.

कोनाचं एक लक्षात ठेवा. डोकं खांद्याकडे कललं असेल तर ते फिरवून सरळ करता येतं. पण चेहरा डावी-उजवीकडे वळला असेल किंवा हनुवटी वर-खाली झाली असेल तर ते फिरवून जमत नाही, कारण चेहऱ्याचा दुसराच भाग कॅमेऱ्यासमोर आलेला असतो. पारख सोपी आहे, दोन्ही फ्रेममध्ये नाकाच्या शेंड्यापासून दोन्हीकडच्या गालाच्या कडेपर्यंतचं अंतर बघा. बेसमध्ये दोन्ही बाजू सारख्या अन् डोनरमध्ये एक बाजू स्पष्ट कमी दिसत असेल तर ती फ्रेम सोडून द्या.

एखादं उदाहरण घेऊन पूर्ण सांगा ना

घ्या. वर्धा रोडवरच्या एका लॉनवर साक्षगंध, डिसेंबरची दुपार, 19 जण तीन रांगेत, 10 फ्रेमचा बर्स्ट. चौथी फ्रेम बेस, त्यात सगळे एक नंबर, फक्त दुसऱ्या रांगेतल्या आत्याबाईंचे डोळे मिटलेले. त्यांचे डोळे दुसऱ्या, सातव्या अन् नवव्या फ्रेममध्ये उघडे आहेत.

नवव्यात डोळे सगळ्यात मोठे, पण तोवर त्यांनी नातवाकडे पाहिलंय, बुबुळं एका बाजूला गेलीत, म्हणून बाद. दुसऱ्यात नजर कॅमेऱ्यात आहे पण हसू अजून यायचंय, गाल खालीच आहेत, बेसमधल्या हसऱ्या तोंडावर ते डोळे चालणार नाहीत, तीही बाद. सातव्यात हसू तेच, नजर सरळ, फक्त डोकं दोन-तीन अंश डावीकडे कललेलं. हीच घ्यायची.

जीआयएमपी हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे म्हणून त्यातच सांगतो. चौथी फ्रेम उघडा, मग File > Open as Layers करून सातवी तिच्यावर आणा. आता वर सातवी, खाली चौथी. वरच्या लेयरची Opacity 50 वर आणा, आत्याबाईंच्या चेहऱ्यावर झूम करा, दोन चेहरे एकावर एक भुतासारखे दिसतील. Unified Transform टूल घ्या, फिरवायचा मध्यबिंदू ओढून त्यांच्या नाकाच्या मुळाशी ठेवा अन् सातवी हळूहळू फिरवून, सरकवून जुळवा. बाकी 18 जण वेडेवाकडे झाले तरी चालेल, ते झाकूनच टाकायचेत.

जुळवायचं कशावरून, कारण बेसमध्ये तर डोळे मिटलेत? डोळ्याचा नाकाकडचा आतला कोपरा पकडा, पापणी मिटली तरी तो जवळपास जागचा हलत नाही. दोन्ही आतले कोपरे बसले की नाकपुड्या अन् कानातले तपासा. टिकलीही कामी येते पण फक्त पडताळणीसाठी, कपाळाला आठी पडली की ती थोडी सरकते. भुवयांवरून कधीच जुळवू नका, डोळा मिटताना भुवई जराशी खाली येतेच.

आतले कोपरे जुळले अन् बाहेरचे नाही, म्हणजे एकतर माप वेगळं आहे नाहीतर चेहरा वळलाय. माणूस फक्त पुढे-मागे झुकला असेल तर लेयर एक-दोन टक्के लहान-मोठा केला की जुळतं. त्याने जुळलं नाही तर चेहरा वळलाय हे समजून जा.

एक सांभाळा, फिरवणं-सरकवणं-मोजमाप सगळं एकाच वेळी करून मगच Transform दाबा. दर वेळी थोडं थोडं करून दाबत गेलात तर प्रत्येक वेळी पिक्सेल नव्याने बनतात अन् डोळे बाजूच्या कातडीपेक्षा मऊ दिसायला लागतात.

आता Opacity परत 100 करा, वरच्या लेयरवर Add Layer Mask अन् त्यात Black (full transparency) निवडा. वरची फ्रेम पूर्ण गायब होईल. मास्कवर क्लिक करून पांढऱ्या रंगाच्या मऊ ब्रशने फक्त डोळ्यांच्या जागेवर रंगवा, तेवढीच सातवी फ्रेम परत दिसायला लागते. जास्त रंगवलं तर काळ्या रंगाने परत झाका, खालच्या फोटोला काहीच होत नाही.

मास्क किती रंगवायचा? फक्त डोळे, की भुवईसकट?

फक्त बुबुळ अन् पांढरा भाग घेतला तर हमखास फसतं. मिटलेल्या डोळ्याची वरची पापणी ताणलेली सपाट असते, उघड्या डोळ्याची घडी पडलेली असते, ती घडी सोबत आली नाही तर डोळा खाचेत चिकटवल्यासारखा दिसतो. म्हणून भुवईसकट घ्या. वरची कड भुवईच्या थोडी वर कपाळावर, खालची गालाच्या उंचवट्याच्या सुरुवातीला, बाहेरची सुरकुत्या संपल्यावर पण केसांच्या आधी. म्हणजे कड सगळीकडे साध्या गुळगुळीत कातडीवर संपली पाहिजे. रेषेवर संपली की ती रेष डबल दिसते.

दोन डोळे वेगवेगळे रंगवण्यापेक्षा नाकाच्या मुळावरून जाणारी एकच पट्टी ठेवा, अन् दोन्ही डोळे एकाच फ्रेममधूनच घ्या. एक डोळा सातव्यातून अन् एक दुसऱ्यातून घेतला तर नजर फाटते, माणूस तिरळा दिसतो.

ब्रशचा आकार डोळ्याच्या रुंदीएवढा असू द्या, कड मऊ. पण फार मऊही नको, पापण्यांच्या केसांजवळ मास्क अर्धवट राहिला तर उघड्या पापणीखाली मिटलेल्या पापणीची काळी रेघ झिरपते. ती दिसली की तिथे छोट्या ब्रशने पूर्ण पांढरं करा.

फोटोशॉपमध्ये वेगळं काय?

पद्धत तीच, जुळवणी सोपी. File > Scripts > Load Files into Stack ने दोन्ही फ्रेम एकत्र आणा, दोन्ही लेयर निवडून Edit > Auto-Align Layers करा. पण हे काम पूर्ण फोटो बघून जुळवतं, मागची भिंत अन् स्टेज जुळेल, आत्याबाईंचं डोकं नाही, ते शेवटी Ctrl+T ने हातानेच जुळवावं लागतं. त्याआधी वरच्या लेयरला Smart Object करा, मग कितीदाही फिरवलं तरी मूळ पिक्सेल शाबूत राहतात. बारीक जुळवणीसाठी वरच्या लेयरचा मोड थोडा वेळ Difference करा, जे जुळलं ते काळं दिसतं अन् जे नाही ते उजळ. Difference जीआयएमपीमध्येही आहे.

जोडलेलं कळतंय, पण कुठे चुकलं ते समजून नाही राहिलं

आधी फोटो आडवा उलटा करून पहा, म्हणजे आरशातल्यासारखा. सवयीचा चेहरा अनोळखी झाला की चूक डोळ्यात भरते. मग 100 टक्के झूमवर पहा अन् मग एकदम लहान करून.

लहान केल्यावर खटकत असेल तर उजेड, नजर किंवा हसू जुळलेलं नाही. 100 टक्क्यावरच खटकत असेल तर कड, मऊपणा किंवा दाणे जुळले नाहीत. रात्रीच्या हाय आयएसओ फोटोत कातडीवर दाणे असतात, फिरवलेल्या भागात ते पुसट होतात, म्हणून तेवढ्या भागावर अगदी हलका नॉइज टाकला की तो भाग मिसळून जातो. अन् डोळ्याचा पांढरा भाग जास्त पांढरा करायचा मोह टाळा, बाजूच्या 18 जणांचे डोळे फोटोत करडेच आहेत, एकट्या आत्याबाईंचे चमकले तर नजर तिकडेच जाते.

एकाच बर्स्टमध्ये उजेड वेगवेगळा कसा काय येतो?

तीन कारणं नेहमी सापडतात. पहिलं फ्लॅश, पटापट फोटो काढले की तो पूर्ण चार्ज होत नाही, पुढची फ्रेम काळपट येते, कधी कधी फ्लॅश पडतच नाही. अशी फ्रेम डोनर म्हणून घेऊच नका, सावल्यांची जागाही बदललेली असते अन् बुबुळातला उजेडाचा ठिपकाही.

दुसरं म्हणजे हॉलमधले ट्यूबलाइट अन् स्वस्त एलईडी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर 1/500 वर असलं की एक फ्रेम उजळ, दुसरी पिवळट, असं होतं. शटर 1/100 किंवा 1/50 ठेवलं तर हा त्रास जातो, पण 1/50 ला माणसं स्थिर उभी पाहिजेत.

तिसरं रिसेप्शनच्या स्टेजवरचे रंग बदलणारे दिवे, एका फ्रेममध्ये गाल गुलाबी, दुसऱ्यात जांभळे.

थोडाच फरक असेल तर डोनर लेयरवर उजेड कमी-जास्त करणारं Curves लावा अन् डोळ्यांकडे न बघता गालाच्या वरच्या भागाकडे बघून जुळवा, गाल दोन्हीकडे आहे म्हणून तुलना खरी होते. रंगाचा फरक असेल तर लाल, हिरवा, निळा चॅनेल वेगवेगळे जुळवावे लागतात. कॅमेरा रॉमध्ये, म्हणजे कच्च्या फाइलवर, असेल तर आधी दोन्ही फ्रेमना एकच व्हाइट बॅलन्स अन् तीच सेटिंग द्या, निम्मं काम तिथेच होतं.

काकाजींना चष्मा आहे, मग?

मग पूर्ण चष्मा घ्या, काड्यांसकट. काचेच्या आतून फक्त डोळे बदलायला गेलात की काचेवरची चमक अर्धी इकडची अर्धी तिकडची होते. वरून मायनस नंबरच्या काचेतून गालाची कड आत सरकलेली दिसते, ती बाहेरच्या कडेशी आधीच जुळत नसते, दोन फ्रेम मिसळल्या की तिथे तिसरीच कड तयार होते. मास्कची कड चष्म्याच्या बाहेर कातडीवर न्या. डोनरमध्ये काचेवर पांढरी चमक डोळ्यावरच आली असेल तर दुसरी फ्रेम शोधा.

डोकं वळलंय अन् दुसरी फ्रेमच नाही

तर डोळे सोडा, पूर्ण डोकं घ्या. चेहऱ्यासकट केस, कान, मान, अन् मास्कची कड कॉलरवर, ओढणीच्या काठावर किंवा मंगळसूत्राच्या वर संपवा. डोक्याची जागा बदलल्यामुळे बाजूला जुन्या डोक्याचा तुकडा डोकावला तर मागची जागा डोनरमधूनच घ्या, बर्स्टमध्ये बॅकग्राउंड तेच असतं, फक्त ते न फिरवलेल्या लेयरमधून घ्यायचं. लहान पोरांसाठी तर थेट हीच पद्धत, ती एका फ्रेममधून दुसऱ्यात जाईस्तोवर अख्खी वळलेली असतात.

मागच्या माणसाचा खांदा किंवा फेटा डोक्याला चिकटून असेल तर कड कठीण होते. अशा वेळी अर्धा मिटलेला डोळा तसाच राहू दिला तरी चालतो.

फोटो मोबाइलचा आहे, व्हॉट्सअ‍ॅपवरून आला, चालेल?

मूळ फाइलच मागा. हिशोब असा आहे, 6000 पिक्सेल रुंद फोटोत 10 जणांची रांग असेल तर एक चेहरा साधारण 300 पिक्सेल अन् एक डोळा 60 च्या आसपास. व्हॉट्सअ‍ॅपवर साध्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोची लांब बाजू साधारण 1600 होते, म्हणजे डोळा 16 पिक्सेलचा, त्यात जुळवायला आतला कोपराच दिसत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर मूळ फाइल येते.

आयफोनचा लाइव्ह फोटो असेल तर त्याच्या मागच्या-पुढच्या फ्रेम मुख्य फोटोपेक्षा हलक्या दर्जाच्या असतात, छोट्या प्रिंटला चालतात, मोठ्या फ्रेमसाठी नाही.

मामाजी हसले की त्यांचे डोळे मिटतातच, ते उघडायचे का?

नाही. ते मिचकावणं नाही, ते त्यांचं हसणं आहे. ओळखायचं असं, मिचकावताना पापणी सैल पडते अन् गाल जागेवर असतो, हसताना गाल वर चढून डोळा खालून झाकतो. पूर्ण बर्स्टमध्ये डोळे तसेच असतील तर तो चेहराच तसा आहे, हात लावू नका. घरच्यांना तेच मामाजी हवे असतात.

असं करणं बरोबर आहे का?

घरच्या फोटोत हो, कारण तोच माणूस, तोच क्षण. तरी आत्याबाईंना दाखवून घ्या, चेहरा त्यांचा आहे. पेपरला द्यायचा बातमीचा फोटो असेल, किंवा जोडकाम चालत नाही असं सांगणारी स्पर्धा असेल, तर तिथे दोन फ्रेम जोडायच्या नाहीत.

पुढच्या वेळी हे काम कमी कसं लागेल?

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, बॅकग्राउंड आपोआप जुळतं. दुपारी माणसांना उन्हाकडे तोंड करून उभं करू नका, नागपूरच्या उन्हात डोळे मिटणारच, लॉनवर सावलीची बाजू शोधा. सगळ्यांना डोळे मिटायला सांगून तीन म्हटल्यावर उघडायला सांगा अन् उघडल्यावर अर्ध्या सेकंदाने बर्स्ट सुरू करा. फ्लॅश टीटीएलवर असेल तर खऱ्या फ्लॅशआधी मोजमापासाठी एक बारीक फ्लॅश पडतो, काहींची पापणी त्यालाच लवते. तसा माणूस ग्रुपमध्ये असेल तर फ्लॅश मॅन्युअलवर टाका, तो आधीचा फ्लॅश पडतच नाही.

शेवटी सेव्ह कसं करायचं?

लेयर अन् मास्क असलेली फाइल जीआयएमपीत .xcf, फोटोशॉपमध्ये .psd म्हणून वेगळी ठेवा, प्रिंटसाठी तिच्यातून जेपीईजी काढा. बर्स्टच्या बाकी फ्रेम अल्बम छापून हातात येईस्तोवर डिलीट करू नका. 12 × 18 इंचाच्या प्रिंटवर आत्याबाईंचा डोळा जेमतेम साडेचार मिलिमीटरचा येतो, पण त्या अल्बम जवळ धरून पाहणार, अन् तेव्हा कड दिसली असं म्हणाल्या तर मास्क उघडून पाच मिनिटांत सुधरवता आलं पाहिजे.